कपॅसिटर ९० टक्क्यांपर्यंत पोहोचतच नाही: कालस्थिरांक मोजताना तूट कुठून मोजावी

प्रश्न: १० व्होल्टचा पुरवठा, १ मेगाओमचा रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जोडला आहे. हिशेबाने कालस्थिरांक ४७ सेकंद येतो. डिजिटल मल्टिमीटर कपॅसिटरवर लावून दर ३० सेकंदांनी वाचन घेतले: ४.३५, ६.५५, ७.६६, ८.२२, ८.५१, ८.६५ व्होल्ट. ६.३२ व्होल्ट यायला ५६ सेकंद लागले. पुढे आकडा ८.८ वर थांबला. ९ व्होल्ट दहा मिनिटांतही आले नाहीत. नंतर तोच कपॅसिटर त्याच रेझिस्टरमधून रिकामा केला, तर ८.८ चे ३.२४ व्होल्ट व्हायला ४४ सेकंद लागले. भरताना ५६ आणि रिकामे होताना ४४ असे का? खरा कालस्थिरांक कोणता आणि ९० टक्क्यांचा वेळ कसा काढायचा?

उत्तर:

तुमच्या मांडणीचा कालस्थिरांक भरतानाही ४४ सेकंद आहे आणि रिकामे होतानाही ४४ सेकंदच आहे. ५६ हा आकडा चुकीच्या वाचनामुळे आलेला नाही. कपॅसिटर १० व्होल्टपर्यंत जाणार आहे असे तुम्ही गृहीत धरलेत आणि प्रत्यक्षात तो ८.८ व्होल्टपर्यंतच जाणार होता, त्यामुळे तो आला. तुमची सहाही वाचने एकमेकांशी नीट जुळतात, म्हणून ती टाकून न देता त्यांच्यावरूनच पुढचा सगळा हिशेब करू.

आधी सूत्र नेमके काय सांगते ते पाहू. कपॅसिटर शेवटी ज्या व्होल्टेजवर स्थिरावणार आहे त्यातून त्याचे आत्ताचे व्होल्टेज वजा केले, तर जे उरते त्याला आपण तूट म्हणू. कपॅसिटरमध्ये जमा होणारा निव्वळ प्रवाह या तुटीच्या प्रमाणात असतो आणि कपॅसिटरचे व्होल्टेज वाढण्याचा वेग त्या प्रवाहाच्या प्रमाणात असतो, म्हणून तूट जितकी मोठी तितकी ती झपाट्याने भरून निघते आणि जसजशी लहान होते तसतसा वेगही मंदावतो. यातून निघणारी गोष्ट अशी की समान वेळात तूट नेहमी समान पटीने कमी होते. एका कालस्थिरांकात ती मूळच्या ३६.८ टक्के उरते, आणखी एका कालस्थिरांकात त्या उरलेल्याच्या ३६.८ टक्के उरते, आणि हे असेच पुढे चालू राहते. रिकामे होताना स्थिरावण्याचे व्होल्टेज शून्य असते, म्हणून तिथे कपॅसिटरचे व्होल्टेज हीच तूट ठरते. बाकी नियम तोच राहतो.

```
V(t) = Vf × (1 − e^(−t/τ))      (charging)
V(t) = V0 × e^(−t/τ)            (discharging)
τ = R × C
t90 = τ × ln 10 = 2.303 τ
```

इथे `Vf` म्हणजे कपॅसिटर ज्यावर स्थिरावतो ते व्होल्टेज. पुस्तकातल्या आकृतीत पुरवठा, रेझिस्टर आणि कपॅसिटर एवढेच असते, म्हणून तिथे `Vf` आणि पुरवठ्याचे व्होल्टेज एकच असतात आणि विद्यार्थ्याच्या मनात ते कायमचे एकच होऊन बसतात. तुमच्या मांडणीत मात्र पुरवठा १० व्होल्ट आहे आणि `Vf` ८.८ व्होल्ट आहे.

९० टक्क्यांचे २.३०३ कुठून येते तेही याच विचाराने सोपे होते. ९० टक्के भरणे म्हणजे तूट एक दशांश उरणे. तूट एक दशांश व्हायला दहाच्या नैसर्गिक लॉगॅरिदमइतके, म्हणजे २.३०३ कालस्थिरांक लागतात. ९० वरून ९९ टक्क्यांवर जाताना तूट पुन्हा एकदा एक दशांश होते, म्हणून त्यालाही तेवढाच वेळ लागतो. शेवटचे नऊ टक्के भरायला पहिल्या नव्वद टक्क्यांइतकाच वेळ लागतो, ही गोष्ट एकदा लक्षात आली की पुढे तुमच्या ९ व्होल्टचे काय झाले ते लगेच कळेल.

आता ८.८ कुठून आले? कपॅसिटर पूर्ण भरल्यावर त्याच्याकडे जाणारा प्रवाह थांबतो, त्यामुळे रेझिस्टरवर काहीच व्होल्टेज उरायला नको. तुमच्याकडे मात्र स्थिरावल्यानंतरही रेझिस्टरवर १० वजा ८.८, म्हणजे १.२ व्होल्ट उरले आहेत. १ मेगाओमवर १.२ व्होल्ट याचा अर्थ १.२ मायक्रोॲम्पिअरचा प्रवाह अखंड वाहतो आहे आणि तो कुठेतरी निघून जातो आहे. त्याची एक वाट उघड आहे. साधारण डिजिटल मल्टिमीटरचा डी.सी. व्होल्ट मोजतानाचा अंतर्गत रोध १० मेगाओम असतो आणि ८.८ व्होल्टला तो ०.८८ मायक्रोॲम्पिअर घेतो. उरलेले ०.३२ मायक्रोॲम्पिअर कपॅसिटरच्या आतूनच गळतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर हा परिपूर्ण विसंवाहक नसतो, आणि अशा कपॅसिटरला एवढी गळती अगदी सामान्य आहे. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत कमाल गळतीची मर्यादा यापेक्षा बरीच जास्त दिलेली असते, त्यामुळे तुमचा कपॅसिटर खराब आहे असे मुळीच समजू नका.

या दोन्ही वाटा कपॅसिटरला समांतर आहेत. समांतर वाटांमुळे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात: स्थिरावण्याचे व्होल्टेज खाली येते, आणि कपॅसिटरला दिसणारा परिणामी रोधही कमी होतो. हा परिणामी रोध काढायला वेगळी आकडेमोड लागत नाही, कारण दोन्ही गोष्टी एकाच प्रमाणात कमी होतात. व्होल्टेज १० चे ८.८ झाले, तर रोध १ मेगाओमचा ०.८८ मेगाओम झाला. रिकामे करताना रेझिस्टरचे दुसरे टोक पुरवठ्याऐवजी जमिनीला, म्हणजे ऋण टोकाला जोडले जाते. तेव्हा रेझिस्टर, मीटर आणि गळती या तिन्ही वाटा समांतर येतात आणि परिणामी रोध पुन्हा ०.८८ मेगाओमच भरतो. म्हणून दोन्ही वेळचा कालस्थिरांक सारखा आहे.

हे तुमच्याच वाचनांतून तपासता येते, आणि त्यासाठी स्थिरावण्याचे व्होल्टेज माहीत असण्याचीही गरज नाही. प्रत्येक ३० सेकंदांत व्होल्टेज किती वाढले ते लिहा: ४.३५, २.२०, १.११, ०.५६, ०.२९, ०.१४. प्रत्येक वाढ आधीच्या वाढीच्या जवळजवळ निम्मी आहे. तूट समान वेळात समान पटीने घटते, त्यामुळे वाढीही त्याच पटीने घटतात, आणि वजाबाकी करताना `Vf` आपोआप निघून जाते. पहिल्या दोन वाढींचे गुणोत्तर ४.३५ भागिले २.२०, म्हणजे १.९७७ येते. त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.६८२ आहे, आणि ३० भागिले ०.६८२ म्हणजे ४४ सेकंद. शेवटच्या वाढींवरून हा हिशेब करू नका, कारण ०.१४ मध्ये शेवटच्या अंकाची एका अंशाची चूकसुद्धा सात टक्क्यांची होते. पहिल्या तीन-चार वाढींवर विसंबणे योग्य.

समान अंतराच्या वाचनांची ही वजाबाकी मला ६३.२ टक्क्यांच्या पद्धतीपेक्षा कितीतरी जास्त विश्वासाची वाटते आणि प्रयोगशाळेत मी नेहमी तीच आधी करायला लावतो. ६३.२ टक्क्यांच्या पद्धतीत कशाचे ६३.२ टक्के हे आधीच ठरवावे लागते, आणि चूक नेमकी तिथे शिरते. तुम्ही १० चे ६३.२ टक्के म्हणून ६.३२ व्होल्ट धरलेत. ८.८ चे ६३.२ टक्के ५.५६ व्होल्ट होतात, आणि तुमच्या कपॅसिटरने ते ४४ व्या सेकंदालाच गाठले असणार. ६.३२ हे ८.८ च्या सुमारे ७२ टक्के आहे. तिथवर जायला ५६ सेकंद लागणे अगदी रास्त आहे.

कालस्थिरांक ४४ सेकंद आणि परिणामी रोध ०.८८ मेगाओम, यावरून धारकता ५० मायक्रोफॅरड निघते. छापलेल्या ४७ पेक्षा ती सहा टक्के जास्त आहे. अशा कपॅसिटरना सामान्यतः उणे-अधिक २० टक्क्यांची मुभा असते, त्यामुळे यात काही विशेष नाही. मात्र यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तुमचा हिशेबी आकडा ४७ आणि मोजलेला आकडा ४४ हे जवळचे दिसतात खरे, पण ती जवळीक योगायोगाची आहे. धारकता सहा टक्के जास्त निघाली आणि रोध बारा टक्के कमी झाला, आणि दोन चुकांनी एकमेकींना बरेचसे झाकले. धारकता आणखी थोडी जास्त असती तर रिकामे होण्याचा वेळ बरोबर ४७ सेकंद आला असता आणि मीटरचा परिणाम तुमच्या लक्षातही आला नसता.

आता ९० टक्क्यांचा वेळ. या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत, कारण प्रश्नही दोन आहेत. कपॅसिटर स्वतःच्या अंतिम व्होल्टेजच्या ९० टक्क्यांवर, म्हणजे ७.९२ व्होल्टवर कधी पोहोचतो, असे विचारले तर उत्तर २.३०३ गुणिले ४४, म्हणजे १०१ सेकंद. तुमच्या वाचनांत ९० व्या सेकंदाला ७.६६ आणि १२० व्या सेकंदाला ८.२२ आहे, म्हणजे ७.९२ त्यांच्या मध्येच येते. पुरवठ्याच्या ९० टक्क्यांवर, म्हणजे ९ व्होल्टवर कधी पोहोचतो, असे विचारले तर उत्तर आहे: कधीच नाही. ९ हे ८.८ च्या वर आहे. गळती अजिबात नसती आणि केवळ मीटरच असता, तर अंतिम व्होल्टेज ९.०९ झाले असते आणि ९ व्होल्ट म्हणजे त्याचे ९९ टक्के ठरले असते. ९९ टक्क्यांना ९० टक्क्यांच्या दुप्पट वेळ लागतो, त्यामुळे याच कपॅसिटरला साडेतीन मिनिटे लागली असती. मीटर नसता आणि गळतीही नसती तर ११५ सेकंद पुरले असते. सर्किटला केवळ हात लावून पाहण्याने उत्तर इतके बदलते.

मीटरचा वाटा किती आणि गळतीचा किती हे हिशेबाऐवजी प्रत्यक्ष पाहायचे असेल तर एक सोपी चाचणी आहे. कपॅसिटर भरत ठेवा, पण मीटरची एक तार काढून ठेवा आणि दहा मिनिटे थांबा. नंतर तार टेकवा आणि अगदी पहिले स्थिर वाचन टिपा. तुमच्या आकड्यांवरून ते ९.६ ते ९.७ व्होल्टच्या दरम्यान यायला हवे, आणि मग तुमच्या डोळ्यांदेखत ते हळूहळू ८.८ कडे घसरायला लागेल. पहिल्या सेकंदात घसरण ०.०२ व्होल्टच्या आसपासच असते, त्यामुळे पहिले वाचन पुरेसे खरे मिळते. ते वाचन आणि १० यांतला फरक हा निव्वळ गळतीचा, तिथून ८.८ पर्यंतची घसरण मीटरची.

काट्याचा जुना मल्टिमीटर वापरलात तर हे सगळे फार वाढते. २० किलोओम प्रति व्होल्ट असा मीटर १० व्होल्टच्या पल्ल्यावर २०० किलोओमचा रोध असतो. १ मेगाओममधून भरताना तो लावला तर कपॅसिटर १.६७ व्होल्टच्या वर जाणारच नाही. ऑसिलोस्कोपचा प्रोब ‘एक पट’ स्थितीत १ मेगाओमचा असतो, म्हणजे अंतिम व्होल्टेज निम्मे. ‘दहा पट’ स्थितीत तो तुमच्या डिजिटल मीटरइतका होतो.

उपाय काय करावा? पहिला विचार मनात येतो तो असा की रेझिस्टर दहापट लहान करावा आणि वेळ तोच राहावा म्हणून कपॅसिटर दहापट मोठा घ्यावा: १०० किलोओम आणि ४७० मायक्रोफॅरड. मीटरचा परिणाम याने खरोखरच एक टक्क्यावर येतो. गळतीचा परिणाम मात्र जवळपास आहे तेवढाच राहतो, आणि ही गोष्ट पुष्कळ अनुभवी माणसांच्याही ध्यानात येत नाही. एकाच जातीच्या कपॅसिटरमध्ये गळती साधारणपणे धारकतेच्या प्रमाणात वाढते. रोध दहापट कमी झाला आणि गळती दहापट वाढली, तर रेझिस्टरवर गळतीमुळे पडणारे व्होल्टेज तेवढेच राहते. अंतिम व्होल्टेज ९.५ ते ९.६ च्या आसपास अडकेल. गळतीचा प्रश्न रोध आणि धारकता यांची वाटणी बदलून सुटत नाही. तो कालस्थिरांक कमी केल्याने किंवा कपॅसिटरची जात बदलल्याने सुटतो.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला असा की कपॅसिटर हाच ठेवा आणि रेझिस्टर १०० किलोओमचा घ्या. कालस्थिरांक पाच सेकंदांच्या आसपास येईल, मीटर आणि गळती मिळून अंतिम व्होल्टेज सुमारे ९.८७ राहील, आणि ९ व्होल्टला आदर्श हिशेबाच्या ११.५ सेकंदांऐवजी १२ सेकंद लागतील. एवढी चूक धारकतेच्या मुभेपुढे काहीच नाही. पाच सेकंदांचा कालस्थिरांक स्टॉपवॉच आणि वहीने पकडणे अवघड जाते, पण मीटर आणि चालू घड्याळ एकाच चौकटीत येतील असा मोबाइलने व्हिडिओ घेतला की नंतर थांबवून थांबवून वाचता येते. मीटरचा पल्ला हाताने ठरवून ठेवा, कारण आपोआप पल्ला बदलणारा मीटर रिकामे होताना मध्येच अडखळतो आणि नेमके हवे असलेले वाचन निसटते.

१ मेगाओमच ठेवायचा असेल तर मीटर कपॅसिटरऐवजी रेझिस्टरवर लावा. मग मीटर कपॅसिटरचा विद्युतभार चोरत नाही. तो रेझिस्टरला समांतर राहून भरायलाच मदत करतो. परिणामी रोध १ आणि १० मेगाओम समांतर, म्हणजे ०.९०९ मेगाओम होतो, आणि मीटरचे वाचन १० व्होल्टपासून खाली येत जाते. हे वाचन १ व्होल्टवर आले की कपॅसिटर ९ व्होल्टवर आला. वाचन शून्यावर न जाता तीन दशांश व्होल्टच्या आसपास थबकेल. ती गळती, आणि ती आता मीटरच्या परिणामापासून वेगळी उघडी पडलेली असेल.

मोजण्यापूर्वीच्या दोन गोष्टी. रेझिस्टरचा रोध आधी मोजून घ्या, आणि मोजताना दोन्ही टोके बोटांनी धरू नका. अंगाचा रोध १ मेगाओमला समांतर येतो आणि आकडा कमी दिसतो, विशेषतः पावसाळ्यात किंवा हात घामेजलेले असताना. दुसरी गोष्ट कपॅसिटरची. बराच काळ पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची गळती सुरुवातीला खूप जास्त असते आणि व्होल्टेज दिल्यावर ऑक्साइडचा थर सावरतो तशी ती काही मिनिटांत उतरत जाते. त्यामुळे मोजणीपूर्वी ध्रुव नीट पाहून त्याला अर्धा तास १० व्होल्टवर ठेवा, मग १०० ओममधून एक-दोन मिनिटे रिकामा करा. क्षणभर टोके जोडून सोडली तर विसंवाहकात अडकून राहिलेला थोडा भार नंतर बाहेर येतो आणि शून्यावर आणलेला कपॅसिटर आपण होऊन काही दशांश व्होल्ट दाखवू लागतो. मग तुमची सुरुवातच शून्यापासून होत नाही. गळती व्होल्टेज आणि वेळेनुसार बदलते, म्हणून वरचा ०.३२ मायक्रोॲम्पिअरचा आकडा तुम्ही पुन्हा मोजलात तर थोडा वेगळा येईल, हेही धरून चाला.

हा प्रकार प्रयोगवहीपुरता नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी शेतातल्या पंपासाठी ५५५ या आयसीवर अर्ध्या तासाच्या जवळपास चालणारा टायमर बनवला होता: १२ व्होल्ट, ३.३ मेगाओम आणि ४७० मायक्रोफॅरड. ५५५ मध्ये कपॅसिटर पुरवठ्याच्या दोन तृतीयांशावर पोहोचला की वेळ संपते. तेव्हा तूट एक तृतीयांश उरलेली असते, म्हणून तिथे ९० टक्क्यांच्या २.३०३ ऐवजी तीनचा लॉगॅरिदम, म्हणजे १.१ येतो. हिशेबाने २८ मिनिटे. टेबलावर टायमर तीस मिनिटांच्या थोडा पुढे बंद होत असे आणि मी ते धारकतेच्या मुभेवर ढकलले. मार्चनंतर पत्र्याचा डबा उन्हात तापायला लागला आणि पंप बंद होईना. ८ व्होल्टला रेझिस्टर जेमतेम १.२ मायक्रोॲम्पिअर देऊ शकत होता. उष्णतेने वाढलेली गळती त्याहून जास्त होती, त्यामुळे कपॅसिटर ८ च्या खालीच स्थिरावत होता. संध्याकाळी डबा निवला की तोच टायमर पुन्हा बरोबर चालायचा, म्हणून दोष सापडायला आठवडा गेला. शेवटी कपॅसिटरच्या दोन टोकांवर मीटर लावून पाहिले असते तर मीटरने गळतीत आणखी भर घातली असती, म्हणून मी रेझिस्टरवर मीटर लावला आणि वाचन ४ व्होल्टच्या वर स्थिर राहिलेले दिसले. त्यानंतर एवढ्या लांब वेळेसाठी मी एका भरण्यावर विसंबलो नाही. काही सेकंदांचा कालस्थिरांक असलेला दोलक आणि त्याचे ठोके मोजणारा काउंटर वापरला, ज्यात पॉलिस्टर फिल्मचा लहान कपॅसिटर पुरतो आणि रोध काही शे किलोओमच्या आत राहतो.